ऑफर स्वीकारण्याच्या मेलमध्ये प्रश्न विचारावेत का?

“मॅडम, ऑफर लेटर आलंय. ‘मला मान्य आहे’ एवढंच लिहून पाठवू का? पगाराचं, तारखेचं, कागदपत्रांचं विचारलं आणि त्यांनी ऑफरच मागे घेतली तर?”

डोंबिवलीचा 26 वर्षांचा मुलगा दादरच्या माझ्या ऑफिसात आला तेव्हा लेटरचं पहिलं पान त्याला पाठ झालं होतं. वर्षाला 6 लाख. म्हणजे महिन्याला 50 हजार, असा हिशोब करून त्याने ठाण्यात भाड्याचं घरही बघून ठेवलं होतं. मी त्याला मोबाइलवर शेवटचं पान उघडायला लावलं. पगाराची फोड तिथे असते, आणि ते पान त्याने नीट वाचलंच नव्हतं.

सहा लाखांतले 60 हजार ‘व्हेरिएबल’ होते. ते कामगिरीवर अवलंबून, दरमहा मिळणारे नव्हेत. उरले महिन्याचे 45 हजार. त्यातही कंपनीच्या वाट्याचे पीएफचे 1,800 आणि ग्रॅच्युइटीचे साधारण 1,080 धरलेले होते. त्याच्या वाट्याचे पीएफचे 1,800 आणि प्रोफेशनल टॅक्सचे 200 गेल्यावर हातात येणार होते 40 हजारांच्या आसपास. तो बराच वेळ गप्प बसला. मला त्याचं वाईट वाटलं, पण हे पहिल्या पगाराच्या दिवशी कळण्यापेक्षा त्या दिवशी कळलेलं बरं होतं.

आता त्याच्या भीतीबद्दल. ऑफरमध्ये लिहिलेलं आहे ते समजून घेणं वेगळं आणि जास्त मागणं वेगळं. ‘व्हेरिएबल कधी आणि कशावर मिळतो?’ हा प्रश्न आहे, एचआरला तो सतत विचारला जातो. ‘तो फिक्समध्ये धरा’ ही मागणी आहे. मागणी करायची तर होकार देण्याआधी, फोनवर करावी. होकाराच्या मेलमध्येच घासाघीस सुरू केली की होकाराला अर्थ राहत नाही. 40 हजारांत जमेल का, हे त्याने घरी बोलून ठरवलं. घर ठाण्याऐवजी कळव्यात बघायचं, नोकरी घ्यायची.

खरी अडचण तारखेची होती. लेटरमध्ये रुजू व्हायची तारीख 1 ऑगस्ट. त्याची नोटीस 60 दिवसांची, आणि 12 जूनला राजीनामा दिला तर शेवटचा दिवस 11 ऑगस्टला येत होता. “आधी हो म्हणतो, मग बघू,” असं तो म्हणाला. इथे मी ठाम नाही म्हटलं. जुन्या कंपनीतून बाहेर पडण्याची तारीख आणि नव्या कंपनीत रुजू होण्याची तारीख, दोन्ही पीएफच्या नोंदीत दिसतात. त्या एकमेकींवर चढल्या की व्हेरिफिकेशनमध्ये ‘दोन ठिकाणी एकाच वेळी नोकरी’ असं दिसतं आणि मग खुलासे देत बसावं लागतं.

आम्ही बसून मेल लिहिला. गेला इंग्रजीत, पण त्याचा आशय असा:

“आपली ऑफर मी स्वीकारत आहे. माझ्या समजुतीनुसार वार्षिक पगार 6,00,000 असून त्यात 60,000 व्हेरिएबल आहे. तो कधी दिला जातो, हे कृपया कळवावे. माझी नोटीस 60 दिवसांची असल्याने मी 17 ऑगस्टला रुजू होऊ शकेन. ही तारीख आपण मेलवर मान्य केल्यावर मी राजीनामा देईन. पहिल्या दिवसाआधी लागणाऱ्या कागदपत्रांची यादी पाठवावी. रिलीव्हिंग लेटर जुन्या कंपनीकडून शेवटच्या दिवसानंतर मिळते. तोवर राजीनामा मंजुरीचा मेल आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप चालतील का?”

शेवटच्या प्रश्नावर मी मुद्दाम वेळ दिला. पॅन, आधार, रद्द केलेला चेक, यूएएन नंबर हे सगळं आपल्या हातात असतं. रिलीव्हिंग लेटर दुसऱ्याच्या हातात असतं, आणि पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त मुलं अडतात ती तिथेच.

कागद चाळताना आणखी एक गोष्ट दिसली. त्याच्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव, आधारवर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव, आणि पॅनवर वडिलांचं नाव गाळलेलं. मार्कशीटची ती पद्धत आपल्याकडे सगळ्यांना माहीत असते, तिचं कोणी फार मनावर घेत नाही. पण आधार, पॅन आणि यूएएनवरचं नाव जुळलं नाही की पीएफचं केवायसी अडतं. पॅनच्या दुरुस्तीचा अर्ज त्याने त्याच आठवड्यात केला.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. 17 ऑगस्ट मान्य. व्हेरिएबल एप्रिलमध्ये, पहिल्या वर्षी जितके महिने काम तितक्याच हिश्श्याने. रिलीव्हिंग लेटर रुजू झाल्यापासून 30 दिवसांत दिलं तरी चालेल. त्याने तो मेल मला फॉरवर्ड केला, खाली एकच ओळ होती: “आत्ता राजीनामा टाकतोय, मॅडम.”