आकडे बरोबर, तरी अहवाल चुकलेला

प्रिय,

तुझा मसुदा रात्री वाचून काढला. इंग्रजीतला अंतिम अहवाल इंडोनेशियनमध्ये आणताना कथनाचा भाग तू छान उतरवला आहेस, त्याबद्दल बोलायला फारसं काही नाही. अडचण आहे ती खर्चाच्या तक्त्यात आणि त्याखालच्या टिपांत, म्हणून हे पत्र तेवढ्यापुरतंच.

प्रशिक्षणाची ओळ घेऊ. मंजूर 12,500.00 डॉलर, खर्च 11,250.00, फरक 1,250.00, म्हणजे 10 टक्के. इंडोनेशियनमध्ये हजारांसाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम, म्हणून `12.500,00`. तक्त्यात तू हे नेमकं केलंस. पण खालच्या टिपेत `1,250` तसाच राहिला. जाकार्तातला लेखापाल तो सव्वा वाचेल. तक्ता सगळे डोळ्यांत तेल घालून तपासतात, टिपेतला आकडा मात्र वाक्यात दडून बसतो. तेव्हा तक्ता झाला की टिपांमधले आकडे एकेक करून तक्त्याशी ताडून बघ.

यावर उपाय म्हणून सगळीकडे एकदम टिंब-स्वल्पविराम बदलायला जाऊ नकोस. विभाग 3.2 चा 3,2 होईल आणि ओळीचा क्रमांक 1.10 सुद्धा बिघडेल. एक्सेलची फाइल हाती असेल तर आकडे पुन्हा टाइप करायचेच नाहीत. इंग्रजी मांडणीच्या संगणकावर `12.500` टाइप केलंस, तर एक्सेल त्याला साडेबारा समजतं. बेरीज अचानक हजारोंनी खाली आली की समजायचं, हेच झालंय.

आता मुख्य गोष्ट. प्रशिक्षणाचा खर्च कमी झाला, हे सांगताना तू ‘ककुरांगान अंगारान’ लिहिलंस. शब्दकोशातून तो पर्याय सहज सुचतो, पण त्याचा अर्थ होतो निधी कमी पडला. मूळ टीप सांगते, दोन कार्यशाळा एकत्र घेतल्या म्हणून पैसे उरले. देणगीदार संस्थेच्या तिथल्या कार्यालयात कुणी ही टीप वाचली, तर पुढचा प्रश्न येईल, ‘मग कमी पडलेले पैसे आणले कुठून?’ उरलेल्या रकमेसाठी ‘दि बावाह अंगारान’ म्हण, जास्त खर्चासाठी ‘मलबिही अंगारान’, आणि हीच जोडी शेवटपर्यंत वापर.

पुढची ओळ प्रवासाची. मंजूर 4,000, खर्च 4,600, फरक कंसात (600), म्हणजे उणे 15 टक्के. इथे फरक म्हणजे मंजूर वजा खर्च. अधिक असेल तर पैसे उरले, कंस असेल तर जास्त गेले. इंडोनेशियातल्या सरकारी खर्चतक्त्यांत मात्र टक्केवारी बहुधा ‘रेआलिसासी’ची असते, म्हणजे मंजूर रकमेपैकी किती खर्च झाली. त्या सवयीचा वाचक प्रशिक्षणापुढे 10 पाहून म्हणेल, काम जेमतेम दहा टक्केच झालं! खरं तर तिथे रेआलिसासी 90 आहे. त्यामुळे स्तंभाचं शीर्षक नुसतं ‘टक्के’ ठेवू नकोस, ‘सलिसिह’, म्हणजे फरकाचे टक्के, असं स्पष्ट लिही. टक्केवारी बदलून मांडणं मात्र आपलं काम नाही. दोन ओळींची बेरीज 16,500, खर्च 15,850, फरक 650, म्हणजे 3.9 टक्के. हे आपल्या वहीत पडताळून बघ. मूळ अहवालातच बेरीज चुकली असेल तर ती मुकाट्याने दुरुस्त करू नकोस. आकडा तसाच ठेव आणि काम देणाऱ्याला वेगळं कळव.

खर्चशीर्षांत एकच जोडी मला खटकली. ‘परालातान’ म्हणजे संगणक, प्रोजेक्टरसारखी टिकाऊ साधनं. ‘पर्लंकापान’ म्हणजे कागद, शाई यांसारखं वापरून संपणारं साहित्य. तू तक्त्यात पहिला शब्द वापरलास आणि टिपेत त्याच ओळीला दुसरा. प्रोजेक्टर त्यामुळे टिपेत कागदाच्या रिमांबरोबर जाऊन बसला. खर्चशीर्षाची नावं मूळ करारनाम्याच्या इंडोनेशियन प्रतीत असतील तर तीच उचल, तुला दुसरा शब्द कितीही चांगला वाटला तरी.

आपल्या डोक्यात लाख-कोटी पक्के बसलेले असतात, ते रुपियाच्या रकमांना आड येतात. दहा लाख म्हणजे एक ‘जुता’, आणि इंग्रजीतला बिलियन, म्हणजे आपला अब्ज, तिकडे ‘मिलियार’. मनात कोटीचा थांबा घेतलास की एखादं शून्य हमखास सांडतं. गंमत म्हणजे आपला लक्ष तिकडे जुन्या भाषेत ‘लाक्सा’ होऊन पोचला, पण तिथे तो फक्त दहा हजार!

दुरुस्त केलेला तक्ता आणि टिपा एकाच फाइलमध्ये पाठव. कथन पुन्हा पाठवायची गरज नाही.

तुझा,
जुना सहकारी