पळ, फळ आणि ‘पिन’

“मॅडम, माझी मुलगी दुसरीत आहे. पुढच्या पालकसभेत दहा-पंधरा मिनिटं बोलायला वर्गशिक्षिकांनी मला सांगितलंय. विषय आहे, मातृभाषेचे उच्चार पक्के असतील तर इंग्रजीचे का सुधारतात. आमच्या वर्गातल्या बऱ्याच पालकांनी घरी मराठी बोलणं बंद केलंय, पुढे मुलाखतीत उच्चार आडवे येतील म्हणून. खरं सांगते, थोडी भीती मलाही आहे, कारण माझी मुलगी ‘वेट’ म्हणजे ओला आणि ‘व्हेट’ म्हणजे जनावरांचा डॉक्टर, हे दोन्ही शब्द अगदी सारखे म्हणते. मी भाषेची तज्ज्ञ नाही. लोकांना पटेल असं काय बोलू?” – एक आई

नमस्कार ताई,

सुरुवात बोलून करू नका, कागदाने करा. दाराशीच प्रत्येकाच्या हातात पातळ कागदाची एक पट्टी द्या, बोटभर रुंद आणि वीतभर लांब. पट्टीचं वरचं टोक चिमटीत धरून ती ओठांसमोर लोंबती ठेवायची आणि आधी ‘पळ’ म्हणायचं, मग ‘फळ’. ‘पळ’ला पट्टी जेमतेम हलते, ‘फळ’ला उडते. मात्र ‘फळ’ म्हणताना दोन्ही ओठ एकमेकांवर मिटले पाहिजेत. वरचे दात खालच्या ओठाला टेकले, तर तो आपला फ नाही, ‘फॅन’मधला इंग्रजी आवाज आहे. शहरी बोलण्यात हा बदल इतका मुरलाय की सभेतल्या बऱ्याच जणांना तो स्वतःच्याच तोंडात सापडेल. सापडू द्या, तुमचा पुढचा मुद्दा तिथूनच निघतो.

पट्टी उडवणारा तो श्वास म्हणजे व्याकरणातला ‘प्राण’. प अल्पप्राण, फ महाप्राण. क-ख, ट-ठ, त-थ या जोड्याही तशाच. मराठीत हा श्वास अर्थ बदलतो. कडू आणि खडू यांत फरक तेवढाच आहे, आणि मराठी घरातलं लहान मूलही त्यात घोटाळा करत नाही.

आता सगळ्यांना इंग्रजी ‘पिन’ म्हणायला सांगा. बहुतेकांची पट्टी स्थिर राहील, कारण आपण तिथे ‘पळ’चा प वापरतो. इंग्रजी ज्याची मायबोली आहे तो माणूस ‘पिन’ म्हणेल तेव्हा पट्टी उडेल. त्याच माणसाच्या ‘स्पिन’ला मात्र ती उडणार नाही. म्हणजे अल्पप्राण आणि महाप्राण, दोन्ही प त्याच्या तोंडात आहेत. फक्त इंग्रजीत त्यांनी अर्थ बदलत नाही, त्यांची जागा ठरलेली असते. शब्दाच्या सुरुवातीला किंवा आघात असलेल्या अक्षराच्या सुरुवातीला श्वास येतो, स नंतर येत नाही. त्याला स्वतःला हा फरक सहसा जाणवतही नाही, म्हणून तो मराठी शिकायला बसला की पळ आणि फळ यांत अडखळतो. आपल्या मुलांच्या कानात हा फरक आधीपासून आहे. शिकायचं आहे ते एवढंच, की इंग्रजीत कोणता आवाज कुठे बसवायचा.

हे बारीकसारीक वाटेल, पण ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहा. शब्दाच्या सुरुवातीला इंग्रजी ब आपल्याइतका घोष नसतो, कंठातली थरथर कमी असते. त्यामुळे प की ब, हे इंग्रजी कान बरंचसं श्वासावरून ओळखतो. श्वासाविना म्हटलेली ‘पिन’ त्याला ‘बिन’ ऐकू येऊ शकते. भारतीय माणसाशी बोलताना ही अडचण येत नाही, कारण त्याचा कान आपल्यासारखाच असतो. हेही सभेत सांगा, नाहीतर आपलं इंग्रजी मुळातच चुकीचं आहे असं पालकांना वाटेल, आणि ते खरं नाही.

माझ्याकडे सरावाच्या मुलाखतींसाठी एक मुलगा येत होता. परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलायची नोकरी त्याला हवी होती. दोनदा शेवटच्या फेरीत अडकला होता आणि अभिप्राय एकच, ‘बोलणं स्पष्ट नाही’. त्याचं व्याकरण उत्तम, शब्दसंग्रह माझ्याहून मोठा. लहानपणापासून घरी इंग्रजीच बोललं गेलेलं. ध्वनिमुद्रण ऐकताना लक्षात आलं की त्याचं ‘पॅक’ हे ‘बॅक’कडे झुकतंय आणि ‘कोट’ हे ‘गोट’कडे. समोरच्याला कळलं नाही की तो आवाज चढवायचा. त्याने काही फायदा होत नव्हता, कारण कमतरता आवाजाची नव्हती, श्वासाची होती.

मी त्याला मराठी शब्द वाचायला दिले. कडू-खडू, काल-खाल त्याने चोख म्हटले. फळ, फुगा, फणस म्हणताना मात्र प्रत्येक वेळी दात ओठावर. म्हणजे ख शाबूत होता आणि फ हरवलेला. ‘कोट’साठी त्याला एवढंच सांगितलं, की खडूचा श्वास इथे आण, आणि त्याच बैठकीत शब्द सुधारला. ‘पॅक’साठी तसं सांगता येईना, कारण श्वास आणायचा तो फच त्याच्यापाशी नव्हता. मग आरशासमोर ओठ मिटून फुगा, फणस, फाटक. तीन आठवडे रोज दहा मिनिटं. फ परत आला, त्यानंतर ‘पॅक’ जुळायला दोन दिवस लागले. मधे एकदा उत्साहात तो ‘स्पोर्ट’ला ‘स्फोर्ट’ म्हणू लागला होता, ते पट्टीनेच पकडलं. स नंतर पट्टी उडाली की समजायचं, श्वास नको तिथे गेला. ‘पेपर’ हा शब्द सरावाला चांगला, पहिल्या प ला पट्टी उडते, दुसऱ्याला जवळजवळ नाही.

सभेत सांगण्यासारखं सगळ्यात महत्त्वाचं मला यातच दिसतं. या मुलाच्या घरी मराठी बंद झाली होती, पण तिच्या जागी जे इंग्रजी आलं ते आईवडिलांच्या तोंडचं, म्हणजे मराठी प, मराठी ट, मराठी व असलेलं. आवाज आपलेच राहिले. गेला तो फक्त ओठ मिटून म्हणायचा फ, जो त्या इंग्रजीत ऐकूच येत नव्हता. घरी भाषा बदलली म्हणजे मुलाला लंडनचा कान मिळतो, असं होत नाही. त्याला आपलाच कान मिळतो, काही फरक वजा होऊन.

कान असा घडतो हे जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी 1984मध्ये तान्ह्या बाळांवर दाखवलं होतं. इंग्रजी घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळं हिंदीतल्या त आणि ट मधला फरक ओळखत होती. वर्षाची होईपर्यंत त्यांतल्या बहुतेकांना तो ओळखता येईना, कारण तो फरक रोजच्या कानावर नव्हता. हे एक उदाहरण पुरे, सभेत आणखी संशोधन नको, लोक घड्याळाकडे बघू लागतात.

वेळ उरला तर च आणि ज घ्या. ‘चार’ हा आकडा आणि गाईला चारा ‘चार’, लिहायला एकच, म्हणायला दोन. तसंच ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा. मराठी मूल हा भेद अक्षर न पाहता, नुसत्या कानाने पाळतं. ‘कॅट्स’च्या शेवटी येणारा आवाज म्हणजे जवळजवळ आपल्या चमच्यातला च, आणि ‘झू’चा आवाज ‘माझा’ आणि ‘झाड’ यांच्या शेजारी राहतो. शिवाय लिहिलेलं एक आणि म्हणायचं दुसरं, या इंग्रजीच्या सवयीचीही थोडी तयारी इथेच होते.

पण ताई, मराठी पक्की की सगळं आपोआप जमतं, असं मात्र म्हणू नका. कोणी हुशार पालक उठून विचारेल आणि तुम्ही अडकाल. ‘थिंक’मधला आवाज मराठीत नाही. आपला थ दातांशी हवा अडवून सोडतो, इंग्रजीत जीभ दातांत हलकी धरून हवा वाहती ठेवायची असते. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतही मराठीची मदत थोडीच, कारण ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहिताना पाळतो, बोलताना फारसं नाही. आणि आघात तर पूर्ण नव्याने शिकावा लागतो. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर, ‘फोटोग्राफर’मध्ये ‘टो’वर, ‘फोटोग्राफिक’मध्ये ‘ग्रा’वर. मुलाखतीत मोठ्या मुलांचं बोलणं कळत नाही, तेव्हा एखाद्या व्यंजनाइतकाच दोष या जोराचाही असतो.

तुमच्या मुलीचा व याच यादीतला. इथे मराठी मदत करत नाही, उलट ओढून धरते. आपला व इंग्रजीतल्या दोन आवाजांच्या मधोमध बसतो, म्हणून कान दोघांनाही ‘व’ म्हणून मोकळा होतो. अगदी अनोळखी आवाजापेक्षा असा जवळचा आवाज शिकायला जास्त जड जातो. पण उपाय मराठीच्याच आवाजांतून निघतो. ‘वेट’साठी तिला आधी ‘उ’ म्हणायला सांगा, ओठांचा चंबू करून. मग ‘उ-एट’, आणि हळूहळू दोन्ही जोडत न्यायचं. दात कुठेच टेकत नाहीत. ‘व्हेट’साठी वरचे दात खालच्या ओठावर हलके ठेवून आवाज काढायचा, ओठाला गुदगुल्या व्हायला हव्यात. दोन आवाज एकाच दिवशी शिकवू नका. आठवडाभर फक्त चंबूचा, नंतर दातांचा, आणि दोन्ही स्थिर झाल्यावर तुम्ही पाठमोऱ्या उभ्या राहा, तिला दोनपैकी एक शब्द म्हणू द्या आणि कोणता ते ओळखा. दहापैकी आठ-नऊ वेळा ओळखता आला की तिचे दोन आवाज वेगळे झाले.

घरी इंग्रजी बोलायचंच नाही का, असं कोणी ना कोणी विचारेलच. बोलायचं की, मनमुराद बोलायचं. फक्त जेवताना, भांडताना आणि झोपताना मराठी चालू राहू द्यायची, कारण ख, घ, ठ, भ, ळ हे आवाज भराभर आणि नकळत येतात ते याच वेळी. आणि पट्ट्या थोड्या जास्तच कापून न्या. लोक त्या घरी घेऊन जातात.