ट्रेडमार्क आत्ताच की धंदा वाढल्यावर?

प्रश्न: नागपुरात घरून सावजी मसाला बनवून ऑनलाइन विकते. महिन्याला 50 पाकिटं जातात. ट्रेडमार्क आत्ताच करू का?

आत्ताच करा, ताई. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी मालाच्या एका वर्गाला 4,500 रुपये आहे आणि मसाले वर्ग 30 मध्ये येतात. फक्त ‘सावजी मसाला’ असं नाव टाकू नका. इतवारीत निम्मी दुकानं तेच लिहितात, त्यावर एकटीचा हक्क मिळणं अवघड. त्याला स्वतःचा वेगळा शब्द जोडा.

नोंदणी पूर्ण व्हायला वेळ लागतो: तपासणी होते, जर्नलमध्ये प्रसिद्धी होते, मग हरकतींसाठी 4 महिने. पण ब्रँड रजिस्ट्री, म्हणजे ॲमेझॉनची ब्रँडमालकांसाठीची नोंदणी, भारतात प्रलंबित अर्जावरही प्रवेश देते, म्हणून घाई. आत गेलात की तुमच्या पानावर दुसऱ्याने फोटो-मजकूर बदलण्याला बराच आळा बसतो. नक्कल करणाऱ्याविरुद्ध जोरदार तक्रार मात्र नोंदणी झाल्यावरच करता येते.

ब्रँड रजिस्ट्रीत जाताना माझं घोडं दोन जागी अडलं होतं. ट्रेडमार्कच्या अर्जात नाव जोडून लिहिलेलं, पाकिटावर मध्ये जागा सोडलेली, जुळेना. शिवाय नाव पाकिटावर छापलेलं लागतं, आमच्याकडे सुटणारं स्टिकर होतं. दुसरं म्हणजे पडताळणीचा कोड ट्रेडमार्कच्या नोंदीतल्या ईमेलवर जातो. माझ्या अर्जात तो एजंटचा होता, आणि एजंट लग्नाला अमरावतीला! अर्ज भरतानाच ईमेल कुणाचा टाकला ते बघून घ्या.