यूडीआयडी आहे तरी रेल्वेत सवलत का नाही मिळाली?

"बाबांचं वय ५८, पायाचं ७०% अपंगत्व, यूडीआयडी कार्ड आहे. एसटीत सवलत मिळते पण रेल्वेच्या खिडकीवर नाही म्हणाले. मी सोबत असतो, माझं तिकीट कसं?"

खिडकीवाल्याचं तसं चुकलं नाही, कारण एसटी टक्के बघते आणि रेल्वे टक्के बघतच नाही, सगळा घोळ इथेच होतो.

एसटीत ४०% च्या वर असलं की भाड्यात ७५% सूट, आणि ६५% किंवा जास्त असेल तर सोबतच्या एका माणसाला ५०%. म्हणजे साध्या गाडीचं भाडं ४०० धरलं तर बाबांचे १०० आणि तुझे २००. बाबांचे ५५% असते तर तुला पूर्ण ४०० पडले असते. (आई सोबत गेली तर हा प्रश्नच नाही, बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच.)

रेल्वेत पायाच्या अपंगत्वाला सवलत आहे ती "सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही" अशा माणसाला, आणि ते डॉक्टरने रेल्वेच्या ठराविक नमुन्यातल्या सवलत प्रमाणपत्रावर लिहून द्यावं लागतं. अपंगत्वाच्या दाखल्यावर नुसते टक्के असतात म्हणून तो चालत नाही. माझ्या भावाच्या वेळी सरकारी दवाखान्यातून फॉर्म भरून आणला, सही शिक्का फोटो सगळं ओके, पण नेमकं हेच वाक्य खोडलेलं! परत हेलपाटा. त्यामुळे तिथून निघायच्या आधी ती ओळ वाचून घे.

मग हे प्रमाणपत्र, अपंगत्वाचा दाखला, फोटो, जन्मतारखेचा, पत्त्याचा आणि ओळखीचा पुरावा देऊन रेल्वेचं दिव्यांग ओळखपत्र काढ, अर्ज ऑनलाइनही होतो. रेल्वे दवाखान्याकडून खातरजमा करते म्हणून वेळ जातो, प्रवासाच्या तोंडावर करू नकोस. अपंगत्व कायमचं असेल तर पस्तिशीच्या पुढे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, म्हणजे बाबांना परत परत काढायची भानगड नाही. कार्ड आलं की त्याचा नंबर टाकून घरबसल्या तिकीट काढता येतं.

आता तुझं भाडं. रेल्वेत सोबत्याला तेवढीच सूट मिळते जेवढी बाबांना. स्लीपर आणि थर्ड एसीला ७५%, सेकंड आणि फर्स्ट एसीला ५०%, राजधानी-शताब्दीच्या थर्ड एसी आणि चेअर कारला फक्त २५%. स्लीपरचं मूळ भाडं ४०० असेल तर दोघांचे मिळून २००, एसटीत तेच ३००. पण सूट मूळ भाड्यावरच असते, रिझर्वेशन आणि सुपरफास्टचे पैसे दोघांचेही पूर्ण लागतात, त्यामुळे हिशोब जुळला नाही तर आधी ते बघ. तत्काळला सवलत अजिबात नाही.

दोघांचं तिकीट एकत्रच काढ. ऐनवेळी बाबांचं जाणं रद्द झालं तर तू त्या सवलतीच्या तिकिटावर एकटा जाऊ नकोस, टीसी विनातिकीट धरेल. आणि ओरिजिनल कार्ड बाबांच्या खिशात पाहिजे, मोबाईलमधल्या फोटोवर विसंबू नको.