९२ टक्के कोअर मिळाला, तरी अजून बोअर कशाला?

प्रश्न : "धरणाच्या पायाच्या बोअरमध्ये कोअर रिकव्हरी ९२ टक्के आहे, खडक किती अखंड आहे ते सांगणारा आरक्यूडीही चांगला आहे. तरी भूवैज्ञानिक आणखी बोअर मागतायत. खडक चांगलाच म्हणायचा ना?"

कोअर म्हणजे बोअरमधून वर काढलेला खडकाचा दंडगोल; मी आधी त्यातले न मिळालेले ८ टक्के कुठे गेले ते पाहीन. एका दमात ड्रिल केलेल्या तीन मीटरच्या रनमध्ये ८ टक्के म्हणजे २४ सेंटिमीटर. कठीण खडक कोअर बॅरलमधून वर येतो. मऊ मातकट थर पाण्याबरोबर धुऊन जातो. म्हणजे पेटीत दिसत नाही तोच थर पायाला धोक्याचा असण्याची शक्यता जास्त.

त्यासाठी ड्रिलरची नोंदवही काढा. रॉड एकदम खाली गेला का, परतीचं पाणी तांबडं झालं का, की परत आलंच नाही? मग ही जागा जमिनीपासूनच्या खोलीत न धरता सगळ्या बोअरना समान असलेल्या एकाच संदर्भापासूनच्या पातळीत मांडा. समजा, धरणाच्या अक्षावर डाव्या तीरावर जमीन ५१७ मीटरवर आहे आणि कोअर ३१ मीटर खोलीवर हरवला. नदीपात्रात जमीन ५०० वर, कोअर १४ मीटरवर हरवला. दोन्हीकडे पातळी ४८६ येते. अक्षापासून ६० मीटर खालच्या बाजूला, ४९८ वरच्या बोअरमध्ये तो १५ मीटरवर हरवला, म्हणजे पातळी ४८३. आता हा ड्रिलिंगचा दोष मानता येत नाही. हा एक सलग थर असावा, आणि तो धरणाच्या खालच्या बाजूला साधारण तीन अंशांनी उतरतोय. जलाशयाचं पाणी धरणाला ढकलणार तेही त्याच दिशेला.

याच पट्ट्यात बोअरमध्ये दाबाने पाणी सोडून खडकात किती पाणी शिरतं ते मोजणारी ल्युजॉन चाचणी घ्या. दहा बार दाबाला दर मीटरमागे मिनिटाला एक लिटर पाणी गेलं की एक ल्युजॉन. दाब चढवत नेतात, मग त्याच पायऱ्यांनी उतरवतात. तीन मीटरच्या भागात सुरुवातीला २ बारला मिनिटाला ३ लिटर गेले, म्हणजे ५ ल्युजॉन. दाब ६ बारपर्यंत नेऊन परत २ बारवर आणला, तर आता ७.२ लिटर जातायत, म्हणजे १२ ल्युजॉन. भेगेतला गाळ चाचणीच्या पाण्यानेच धुतला गेला. अशा वेळी सरासरी काढू नका, ती हीच गोष्ट लपवते. अमेरिकेतलं टेटन धरण ५ जून १९७६ रोजी पहिल्याच भरणीत फुटलं, त्यात खडकातल्या न बुजवलेल्या सांध्यांना लागून असलेली भरावाची माती धुऊन जाण्याचा मोठा वाटा होता.

उभ्या बोअरला उभे सांधे क्वचितच सापडतात, आणि आरक्यूडी चांगला दिसण्याचं हेही एक कारण असतं. म्हणून नवे बोअर मागताना काही तिरपे मागा. संशयित पातळीजवळ रन छोटे ठेवून मऊ कोअरही धुऊन न जाता वर यावा म्हणून ट्रिपल ट्यूब बॅरल वापरायला सांगा. थर पक्का ठरला, तर तिथवर शाफ्ट किंवा बोगदा नेऊन तो हाताने तपासा आणि जागेवरच कातर चाचणी घ्या. धरण त्यावरून घसरेल का, हे गणित त्या थराच्या घर्षणकोनावर करायचं. वरखालच्या कठीण खडकाचा आकडा तिथे घालू नका.