हेडफोनवर भरलेलं मिक्स फोनवर पोकळ का वाजतं

«गाणं हेडफोनवर छान रुंद वाटतं. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र गिटार जवळजवळ नाहीशी होते आणि ढोलकीचा खर्ज जातो, आवाज तेवढा पुढे राहतो. गिटारचा एकच टेक आहे, त्याची कॉपी १० मिलिसेकंद मागे ढकलून एक डावीकडे, एक उजवीकडे टाकलीय. ढोलकीला दोन माइक होते, तेही कडेला आहेत. कोरिलेशन मीटर प्लसमध्येच दिसतो. चुकतंय कुठे?»

आधी मीटरचं बघू, कारण डावी-उजवी बाजू किती जुळतात ते दाखवणाऱ्या त्या काट्याने तुम्हाला निर्धास्त केलंय. तुम्ही तो मास्टरवर लावलेला असणार. मास्टरवर सगळ्यात जास्त ताकद गाण्याच्या आवाजाची आणि बेसची असते, आणि ते दोन्ही मधोमध असतात, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला अगदी सारखे. त्यांच्या जोरावर काटा आरामात +०.६, +०.७ दाखवतो. त्यांच्या आड एखादं वाद्य मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र मिसळल्यावर, पूर्ण पुसलं जात असलं तरी काटा हलत नाही. तोच मीटर गिटारच्या बसवर, म्हणजे तिचे ट्रॅक एकत्र येतात त्या चॅनलवर लावा, मग ढोलकीच्या बसवर लावा, आणि त्या वेळी ते एकच वाद्य सोलो करून ऐका. व्हॉक्सेन्गोचं स्पॅन हे प्लगिन फुकट मिळतं, त्यात हा मीटर आहे. काटा शून्याच्या आसपास हेलकावत असेल तर सहसा काळजी नको, दोन बाजू एकमेकींपासून वेगळ्या आहेत एवढाच त्याचा अर्थ. एकाच टेकची मागे ढकललेली कॉपी असेल तर मात्र शून्याजवळचा काटाही फसवतो, तिथे मोनो करून कानानेच तपासा. तो बराच वेळ मायनसमध्ये बसून राहिला तर मात्र काहीतरी कापलं जातंय.

फोनमध्ये नेमकं काय होतं तेही लक्षात घ्या. बऱ्याच स्वस्त फोनना खाली एकच स्पीकर असतो, त्यामुळे डावी आणि उजवी बाजू बेरीज होऊनच त्यात जाते. ज्यांना दोन आहेत त्यांच्यात दुसरा स्पीकर बहुतेक वेळा कानाला लावायचाच असतो, लहान आणि खर्ज नसलेला. फोन उभा धरला की हे दोन्ही वर-खाली, वीतभर अंतरावर येतात. कानापर्यंत पोचेपर्यंत त्यांची हवेतच बेरीज झालेली असते. त्यामुळे स्टिरिओ फोन असला तरी तुमच्या मिक्सची परीक्षा जवळजवळ मोनोचीच होते.

आता गिटार. कॉपी १० मिलिसेकंद मागे आहे. हेडफोनवर डाव्या कानात एक आणि उजव्या कानात दुसरी, दोघी हवेत भेटतच नाहीत, म्हणून रुंदी मिळते. बेरीज केली की त्या भेटतात. १० मिलिसेकंदात १०० हर्ट्झच्या लहरीचा बरोबर एक फेरा पूर्ण होतो, म्हणून १००, २००, ३०० अशा ठिकाणी दोन्ही प्रती एकमेकींना साथ देतात. ५०, १५०, २५०, ३५० अशा ठिकाणी मात्र त्या उलट्या पडतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात. स्पेक्ट्रमवर हे कंगव्याच्या दातांसारखं दिसतं.

तुमच्या गिटारच्या सोडलेल्या तारांवर हे लावून बघा. तिसरी तार, जी, १९६ हर्ट्झची. ती २०० च्या डोंगरावर बसते, तिचे ३९२, ५८८ हे पुढचे सूरही ४०० आणि ६०० जवळ येतात, त्यामुळे ती शाबूत राहते. दुसरी तार, बी, साधारण २४७ हर्ट्झची. ती २५० च्या खड्ड्यात पडते, आणि तिचा मूळ सूर जीच्या तुलनेत सुमारे २० डीबी खाली जातो. तिचा दुसरा स्वरांश ४९४, तो ५०० च्या डोंगरावर, म्हणून टिकतो. तिसरा ७४१, तो ७५० च्या खड्ड्याकडे झुकलेला, तोही दबतो. म्हणजे बी वाजवली की फोनवर तिचा वरचा सप्तकच जास्त ऐकू येतो. कॉर्डमधली एक तार भरलेली आणि शेजारची पोकळ, म्हणून गिटार ‘नाहीशी’ वाटते. इक्वलायझरने हे भरून निघत नाही. २५० ला उचललं तर बेरजेतला खड्डा तसाच राहतो, हेडफोनवरची गिटार मात्र गढूळ होते.

खरा उपाय म्हणजे तोच भाग पुन्हा वाजवून घेणं. दुसऱ्या टेकमध्ये हात प्रत्येक ठोक्याला थोडा वेगळा पडतो, दोन प्रतींमधला फरक सतत बदलत राहतो, त्यामुळे एकाच जागी ठाम खड्डा पडत नाही. बसवरचा काटा शून्याजवळ येईल आणि मोनो केल्यावर गिटार मधल्या आवाजाच्या तुलनेत फक्त ३ डीबीच्या आसपास मागे जाईल. तिचा रंग बदलणार नाही. वाजवताना क्लिक ऐका, पण पहिला टेक कानात घेऊ नका, नाहीतर हात त्याच्यामागे ओढला जातो.

वादक परत येऊ शकत नसेल तर मी असं करतो. मूळ टेक मधोमध ठेवतो. त्याची १० मिलिसेकंद मागची कॉपी डावीकडे, आणि त्याच कॉपीची आणखी एक प्रत पोलॅरिटी उलटी करून, म्हणजे लहरीच्या प्लसचं मायनस करून, तेवढ्याच लेव्हलला, उजवीकडे. दोन्ही कॉपी मूळपेक्षा ७-८ डीबी खाली. डावीकडे मूळ अधिक कॉपी, उजवीकडे मूळ उणे कॉपी, त्यामुळे कुठले सूर डावीकडे झुकतात तर कुठले उजवीकडे, आणि रुंदी तयार होते. मोनो केलं की दोन्ही कॉपी एकमेकींना तंतोतंत खाऊन टाकतात आणि मागे उरतो अखंड मूळ टेक. ही जोडी जपावी लागते. त्यातल्या फक्त एका कॉपीवर कॉम्प्रेसर किंवा इक्वलायझर लावला तर तंतोतंतपणा जातो आणि उरलेलं अवशेष फोनवर खरखरीत ऐकू येतं. कॉपी मूळइतकी मोठी केली तर हेडफोनवर गिटार डोक्याच्या मागे गेल्यासारखी वाटते, म्हणून ती खालीच राहू द्या.

ढोलकीचा घोळ वेगळा आहे आणि तो रेकॉर्डिंगच्या वेळीच झालाय. खर्जाच्या पुडीवर थाप पडली की ती पुडी आत जाते, तिच्या माइकपासून दूर. आतली हवा दाबली जाऊन शाईची पुडी बाहेर ढकलली जाते, तिच्या माइककडे. म्हणजे तोच खर्ज एका माइकला मायनसमध्ये आणि दुसऱ्याला प्लसमध्ये मिळतो. हे दोन माइक पूर्ण कडेला टाकले की हेडफोनवर ढोलकी प्रचंड रुंद होते आणि आपण खूश होतो. मोनो केल्यावर खर्ज एकमेकांना काटतो, टणत्कार तेवढा उरतो. मी एका गणेशोत्सवाच्या गाण्यात हे केलं होतं. मंडपात सगळे स्पीकर एकाच सिग्नलवर होते, आणि ढोलकी जणू पत्र्याच्या डब्यावर वाजत होती. तो मिक्स मी त्या रात्री घरी येऊन उघडला, एका माइकची पोलॅरिटी उलटवली आणि खर्ज परत आला. एका बटणाचं काम होतं.

तुम्हीही तेच करा. मास्टर मोनो करून ढोलकी सोलो करा, शाईच्या माइकच्या चॅनलवर पोलॅरिटीचं Ø हे बटण दाबत-सोडत राहा, आणि ज्या बाजूला पोट जास्त भरलेलं लागतं ती ठेवा. डोळे मिटून ऐका, कारण वेव्हफॉर्मवर दोन्ही सारखेच भासतात. मग दोन्ही माइक कडेला ठेवण्याऐवजी साधारण ३० टक्क्यांवर आणा. ढोलकी हे एकाच माणसाच्या मांडीवरचं एकच वाद्य आहे, ते दहा फूट रुंद असायची गरज मला कधी वाटली नाही.

एवढं झाल्यावरही फोनवर ढोलकीचा सगळा खर्ज मिळणार नाही, कारण फोनचा स्पीकर २००-३०० हर्ट्झच्या खाली फारसं काही देत नाही. हे मोनोमुळे होत नाही. दोन्हींत फरक कसा ओळखायचा? हेडफोनवरच मोनो करून ऐका. तिथे खर्ज असेल आणि फोनवर नसेल तर तो स्पीकरचा दोष. अशा वेळी खर्जाच्या पुडीला थोडं सॅच्युरेशन द्या, म्हणजे ३०० ते ८०० च्या पट्ट्यात तिचे वरचे स्वरांश तयार होतील. त्यांवरून कान खालचा सूर स्वतः जुळवून घेतो. बेसलाही हेच लागू.

मोनो बघायला प्लगिन शोधत बसू नका. रीपरच्या मास्टरवर मोनोचं बटण आहे, एबलटनमध्ये युटिलिटी आहे, लॉजिकमध्ये गेन प्लगिन आहे. मोनो केल्यावर दोन स्पीकरपैकी एक बंद करून एकाच स्पीकरवर ऐका. दोन्हींतून तेच वाजलं तर मधे एक भास तयार होतो आणि तो खोलीप्रमाणे बदलतो. जुन्या स्टुडिओंमध्ये ऑराटोनचा एकाच शंकूचा छोटा चौकोनी स्पीकर मधोमध ठेवलेला असायचा, तो याच कामासाठी.

फाइल बाहेर काढून बघायची असेल तर:

```
ffmpeg -i mix.wav -af "pan=mono|c0=0.5*c0+0.5*c1" mono.wav
```

दोन्ही बाजूंचं निम्मं-निम्मं मिळून मोनो होतो, म्हणून मधलं आवाजाचं माप बदलत नाही आणि मूळ mix.wav शी सरळ तुलना करता येते. कडेचं काय आणि किती मागे गेलं तेवढंच ऐका. हार्मोनियम ३ डीबी खाली आली तर ती दुरुस्त करत बसू नका, ते अपेक्षितच आहे. फार झालं तर तिला कडेवरून थोडी आत आणा. सूर बदलला, पोकळ झाला किंवा ठोके विरून गेले, तिथे मात्र थांबा आणि त्या ट्रॅककडे परत जा.

शेवटी खऱ्या फोनवर. सेटिंगमधला डॉल्बी किंवा इक्वलायझर बंद करा, तो स्वतःहून रुंदी आणि खर्ज घालतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फाइल तशीच पोचेल. फोन टेबलावर सपाट ठेवून ऐका, मग हातात उभा धरून, आणि एकदा खालची जाळी बोटाने झाकून. गिटारची बी तार तिन्ही वेळा जीच्या बरोबरीने वाजली पाहिजे. मुखड्याच्या पहिल्या कॉर्डवर ऐकून कळवा.