दुकानातली ट्रेडमिल चाचणी कितपत खरी?

प्रश्न: मी रत्नागिरीत धावतो. पुण्यातील दुकानात ट्रेडमिलवर पळवून ‘तुमचे पाऊल आत झुकते, आधार देणारे महाग बूट घ्या’ असे सांगितले. विश्वास ठेवावा का?

उत्तर: निरीक्षण बहुधा खरे असेल, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष कच्चा आहे. मागे ठेवलेला कॅमेरा टाच टेकल्यावर घोटा किती आत वळतो एवढेच संथ गतीने दाखवतो, आणि हे वळणे मुळात धक्का शोषण्याची स्वाभाविक क्रिया आहे. डेन्मार्कमध्ये 927 नवशिक्या धावपटूंना सारखेच साधे बूट देऊन वर्षभर पाहिले असता, मध्यम प्रमाणात आत झुकणाऱ्या पावलांना अधिक दुखापती झाल्याचे आढळले नाही.

शिवाय ट्रेडमिलला सरावलेले नसाल तर पहिली काही मिनिटे पावले आखूड व जपून पडतात, आणि दुकानातील चित्रण बहुधा त्याच वेळी होते. भाट्याच्या किनाऱ्यावरील उतरत्या वाळूवर तर समुद्राकडचे पाऊल सतत खालच्या पातळीवर पडते. ते सपाट पट्ट्यावर दिसणारच नाही.

त्या चित्रफितीचा खरा उपयोग मिनिटाला किती पावले पडतात हे मोजण्यात आहे. पाऊल शरीराच्या फार पुढे पडत असेल आणि गुडघा दुखत असेल, तर वेग तोच ठेवून मिनिटाला 160 ऐवजी 168 पावले टाकून पाहावीत. त्याने गुडघ्यावरील भार कमी होतो. दुखणे नसेल तर पायाला सुखकर वाटणारे साधे बूट घ्यावेत.